खारा बांगडा घरी कसा करायचा, पावसाळ्यात कसा टिकवायचा, कसा भिजवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुक्या मासळीचं विचारणारे लोक खूप आहेत, पण बोंबील, सुकट, सोडे, वाकट्या सगळं एका दमात सांगायला गेलं की काहीच नीट सांगून होत नाही. म्हणून इथं मुख्य धरलाय तो खारा बांगडा, कारण मीठ आणि ऊन दोन्ही त्यात लागतं आणि चुकतोही तोच जास्त. बोंबील, सुकट मधेमधे येतीलच. हे सगळं कोल्हापुरातल्या हवेचा विचार करून लिहिलंय, म्हणजे समुद्र दूर, मार्चमध्ये कडक ऊन, एप्रिल-मेमध्ये कधीही वळीव आणि जूनपासून भिंतीसुद्धा ओल्या.

मीठ लावल्यानं मासा टिकतो म्हणजे नेमकं काय होतं?

मासा नासवणारे जंतू पाण्यावर जगतात, आणि ताज्या बांगड्यात साधारण 70 टक्के तरी पाणीच असतं. मीठ लावलं की दोन गोष्टी एकदम चालू होतात, माशातलं पाणी बाहेर यायला लागतं आणि मीठ आत शिरायला लागतं. तीन-चार तासांनी भांडं उघडून बघितलं तर तळाला पाणी साचलेलं दिसतं, ते आपण घातलेलं नसतंय, माशातनं सुटलेलं असतंय.

पण खरं काम नुसतं पाणी निघून जाण्यानं होत नाही. खारवलेल्या माशात नंतरही भरपूर पाणी शिल्लक राहतं, फक्त ते मोकळं राहत नाही, मीठ त्याला धरून ठेवतं. जंतूला ते पाणी घेता येत नाही, उलट मीठच जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. म्हणून मीठ लावून वाळवलेला बांगडा हाताला थोडा लवचिक लागला तरी टिकतो आणि बिनमिठाचा बोंबील मात्र काडीसारखा कडक झाल्याशिवाय टिकत नाही.

ही मीठ पाणी धरतं गोष्ट लक्षात ठेवा, कारण पावसाळ्यात सगळा घोटाळा तिच्यामुळंच होतो.

मग उन्हाची गरज काय, नुसतं मीठ पुरणार नाही का?

मिठाची एक हद्द आहे. पाण्यात मीठ विरघळून विरघळून शंभरात 26 भागांपर्यंत जातं, त्यापुढं विरघळतच नाही, तळाशी बसतं. तेवढ्या खारात नेहमीचे नासवणारे जंतू वाढत नाहीत पण काही बुरश्या आणि मीठ आवडणारे गुलाबी जंतू तरी जगू शकतात. त्यांना अडवायचं तर उरलेलं पाणी उन्हात कमी करायला लागतं. मीठ पहिल्या दोन दिवसांची राखण करतं, तेवढ्यात ऊन आपलं काम पुरं करतं, असं समजा. नुसतं ऊन लावलं तर बांगड्यासारखा जाड मासा वाळायच्या आधीच आतनं नासतो.

बोंबलाला मग मीठ का लावत नाहीत?

बोंबील नुसत्या पाण्याचा मासा, मऊ आणि बारीक, त्यामुळं वारा त्याच्या आरपार काम करतो. वर्सोवा, अर्नाळा बाजूला बांबूच्या वलांडीवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात, त्याला चारी बाजूनं वारा लागतो आणि जमिनीची ओल लागत नाही. जवळा तर इतका बारीक की पसरला की एक-दोन दिवसांत वाळतो. बांगडा जाड आणि तेलकट, तिथं हे जमत नाही.

कोल्हापुरात मासे मिळतात ते बर्फातले, ते खारवायला चालतात का?

चालतात, पण निवडून. आपल्याकडं बांगडा घाट चढून बर्फातच येतो, त्यामुळं पकडल्यापासून किती वेळ झाला हे विक्रेत्यालाही नेमकं माहीत नसतं. कल्ला उचलून बघा, लाल पाहिजे, तपकिरी किंवा करडा नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, पोट घट्ट. पोट फुटलेला बांगडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

याचं कारण नीट सांगतो कारण लोक म्हणतात की "जरा शिळा झालाय, मीठ लावून टाकू, टिकंल". बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचा एक घटक खूप असतो, मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की मिठानं जात नाही, उन्हानं जात नाही, तळून आणि उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंडाची आग होते, चेहरा-मान लाल होते, डोकं दुखतं, काहींना मळमळ होते, आणि घरचे म्हणतात मसाला जास्त झाला. शिळ्या बांगड्याला मीठ लावून वाचवता येत नाही. घरी आणताना पण बर्फाची पिशवी सोबत ठेवा, गाडीच्या डिकीत तासभर फिरवू नका.

किती माशाला किती मीठ? मोजूनच सांगा.

साफ केलेल्या माशाच्या वजनाच्या पाव ते तिसरा भाग. चवीनुसार वगैरे चालत नाही, वजनकाटा काढा.

आमच्या घरचा हिशोब देतो. 2 किलो बांगडे आणले, डोकी, कल्ले, आतडी काढून साधारण 1 किलो 600 ग्रॅम उरले. त्याला 500 ग्रॅम मीठ. बांगडा पाठीच्या बाजूनं कण्यालगत चिरून पुस्तकासारखा उघडायचा, पोटाकडची कातडी जोडलेली ठेवायची. कण्याच्या कडेला काळं रक्त असतं ते नखानं किंवा ब्रशनं खरवडून काढायचंच, वास आणि किडा तिथूनच सुरू होतो. मग धुऊन चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचं.

मीठ आतल्या बाजूला चोळून भरायचं, जाड मांस असतं तिथं जास्त. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या, ॲल्युमिनियम नको, मीठ ते खातं. तळाला मिठाचा थर, मग मासे उघडी बाजू वर, मग मीठ, असं रचत जायचं, शेवटच्या थरात मात्र कातडी वर. वर ताट उपडं आणि त्यावर वजन, म्हणजे सुटलेल्या पाण्यात सगळे मासे बुडून राहतात. दीड ते दोन दिवस सावलीत, गार जागी, फ्रीजमध्ये जागा असेल तर आणखी बरं. तळाशी थोडं न विरघळलेलं मीठ उरलेलं दिसलं पाहिजे, सगळं विरघळून गेलं असेल तर कमी पडलं समजा आणि वरनं घाला.

जाडं मीठ की बारीक?

दोन्ही मिसळून, आणि त्यात जाडं जास्त. नुसतं बारीक मीठ एकदम विरघळतं, माशाचं वरचं मांस आकसून घट्ट होतं आणि त्यापुढं मीठ आत जायला वेळ लागतो. नुसतं जाडं फार सावकाश विरघळतं, गरमीच्या दिवसात तेवढी सवड नसते. मीठ ओलसर, कडवट असेल तर घेऊ नका, त्यात मॅग्नेशियम जास्त असतं आणि ते हवेतलं पाणी फार ओढतं. आणि एकदा वापरलेलं मीठ परत दुसऱ्या माशाला कधीच नाही, त्यातनं आधीच्या माशातले जंतूच पुढं जातात.

माझा बांगडा तिसऱ्या दिवशी बुळबुळीत झाला, काय चुकलं असंल?

हे आमच्याकडं पण झालंय, तेच सांगतो म्हणजे तुम्हाला जुळवून बघता येईल. पहिल्यांदा केलं ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मीठ अंदाजानं मूठ-मूठ टाकलेलं. एक रात्र मिठात ठेवून सकाळी गच्चीवर टाकलं. दोन दिवस छान वाळलं, वरनं कडक पण झालं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारला रंकाळ्याच्या बाजूनं ढग आले आणि वळीव. धावत जाऊन सगळं गोळा केलं, मासे उन्हानं गरमच होते, तसेच प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली. दुसऱ्या दिवशीही आभाळच होतं म्हणून पिशवी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी उघडली तर आंबूस वास, बोटाला तार, आणि कण्याजवळ मांस लालसर मऊ. दोन किलोचे बांगडे टाकून द्यायला लागले, फार वाईट वाटलं.

मालवणच्या मावशीला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "मीठ मोजलंस काय रे, की नुसता भुरभुरवलंस?" आणि दुसरा, "गरम गरम बांधून ठेवलंस मा?" दोन्ही बरोबर होते. मीठ कमी आणि एकच रात्र, त्यामुळं जाड भागात पोचलंच नव्हतं. वरनं कडक झालं होतं ते फसवं होतं, आत पाणी तसंच. गरम मासा बंद पिशवीत घातला की त्याची वाफ पिशवीला आतनं धरते आणि तेच पाणी परत माशावर येतं. असं आभाळ आलं तर मासे घरात पंख्याखाली जाळीवर पसरून ठेवायचे किंवा सरळ परत मिठात दाबायचे. पिशवी मात्र नाही.

तेव्हापासून आम्ही हे मार्चमध्येच करतो, वळवाच्या आधी.

गच्चीवर डायरेक्ट स्लॅबवर वाळवलं तर चालेल का?

नको. दुपारी स्लॅब इतका तापतो की पाय ठेवता येत नाही, त्यावर मासा वाळत नाही तर शिजतो, कडा भुरभुरीत होतात आणि तेल सुटतं. शिवाय खालच्या बाजूला वाराच नाही. जुनी बाज असेल तर उत्तम, नाहीतर दोन विटांवर स्टीलची जाळी ठेवा, कमरेएवढ्या उंचीवर गेलं तर आणखी चांगलं, धूळ आणि मांजर दोन्ही टळतं.

मिठातनं काढल्यावर मासे मिठाच्याच पाण्यात एकदा झटकन खळबळून घ्यायचे, वरचं जादा मीठ निघून जातं. मग निथळून जाळीवर, पहिल्यांदा उघडी बाजू वर, दोन-तीन तासांनी उलटायचं. पहिल्या दिवशी बारा ते तीनच्या उन्हात वर एक पातळ सुती कापड टाका. पहिल्याच दिवशी कडक ऊन बसलं की वरची साल अशी टणक होते की आतलं पाणी अडकून पडतं. ऊन पाहिजेच पण बांगड्याला वारा जास्त पाहिजे.

संध्याकाळी दव पडायच्या आत मासे उचला, घरात एकावर एक रचून वर पाट आणि वजन ठेवा. रात्रभरात आतलं पाणी बाहेरच्या कोरड्या भागाकडं सरकतं, सकाळी मासा परत जरा मऊ वाटतो, घाबरू नका, ते व्हायलाच पाहिजे. तेच पाणी मग दिवसा उडून जातं. असं तीन ते चार दिवस.

माश्या बसतात, काय करायचं?

पहिला दिवस महत्त्वाचा, ओल्या माशावरच माशी अंडी घालते. बाजेवर मच्छरदाणी अशी लावा की जाळी माशाला टेकणार नाही, टेकली की माशी वरनंच अंडी घालते. मीठ पुरेसं असेल तर त्रास खूपच कमी होतो. कुठलाही स्प्रे मारायचा नाही, खायची वस्तू आहे.

पुरेसं वाळलं हे कसं ओळखायचं?

वजनावरनं ओळखा, ते फसवत नाही. आमचे 1 किलो 600 ग्रॅम बांगडे शेवटी साधारण 900 ग्रॅम झाले होते. शेवटच्या दोन संध्याकाळी वजन करा, दिवसभराच्या उन्हानंतर पण फरक फारच थोडा पडला तर झालं. काटा नसेल तर कण्याशेजारी सगळ्यात जाड जागी अंगठा दाबा, खड्डा पडून राहिला किंवा ओल लागली तर आणखी एक दिवस. वाकवला तर वाकला पाहिजे पण मांसाच्या फटीत ओलसर चमक नको.

पावसाळ्यात डब्यात ठेवलेल्या खाऱ्या बांगड्याला पाणी सुटतं, असं का? वाळवलेला तर नीट होता.

हाच तो घोटाळा. मीठ पाणी धरतं असं वर म्हटलं ना, ते माशातलंच धरतं असं नाही, हवेतलं पण धरतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतनं पाणी ओढायला लागतं. जुलैमध्ये कोल्हापुरात ती त्याच्या वरच असते, स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत बघा, चमचा रुतून बसतो. बांगड्यातलं मीठही तेच करतं. मार्चमध्ये ज्यानं मासा राखला तेच मीठ जुलैमध्ये त्याला ओला करतं, त्यामुळं पावसाळ्यात हवा आत जाऊ न देणं एवढाच उपाय आहे.

मासा पूर्ण गार झाल्यावर, एका वेळच्या भाजीला लागतो तेवढाच एकेका पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि घट्ट बंद करा. अशा सगळ्या पिशव्या रबर असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. मोठा डबा भरून रोज उघडला की रोज ओली हवा आत जाते. डबा फ्रीजरमध्ये ठेवलात तर सगळ्यात बरं, वासही पसरत नाही. फ्रीजरमधनं काढलेली पिशवी मात्र लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर थंड माशावर दव धरतं. आणि ऑगस्टमध्ये तासभर ऊन पडलं म्हणून मासे बाहेर टाकायचा मोह टाळा, हवा ओलीच असते, वाळण्यापेक्षा जास्त ओढून घेतात.

बांगडा तेलकट असल्यामुळं बाहेर ठेवलेला आम्ही तीन महिन्यांत संपवतो. फ्रीजरमध्ये सहा महिने चांगला राहतो. जून-जुलैमध्ये समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हाच त्याची खरी गरज पडते, त्यामुळं उरतोय कशाला.

वर पांढरं दिसतंय, गुलाबी दिसतंय, पिवळं दिसतंय. कुठलं टाकायचं?

पांढरं असेल तर ओल्या बोटानं पुसा. विरघळलं आणि खारट लागलं तर मीठच आहे, काही होत नाही. पुसल्यावर कापसासारखं ओढलं गेलं किंवा कुबट वास आला तर बुरशी, टाका. तपकिरी-काळे मिरपुडीसारखे ठिपके दिसले तरी ती बुरशीच.

गुलाबी किंवा लालसर थर आला तर मीठ आवडणारे जंतू वाढलेत, ते समुद्राच्या मिठातनंच येतात आणि गरम, ओल्या हवेत पसरतात. मांस मऊ पडतं आणि घाण वास सुटतो. काही जण धुऊन परत वाळवतात, आम्ही ठेवत नाही, आणि डबा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवतो कारण पुढच्या माशाला तेच लागतं.

पिवळं-नारिंगी पोटाकडं दिसतं, ते तेल खवट झाल्याचं. जिभेला टोचतं, जुन्या तेलाचा वास येतो. तेवढा भाग कापून बाकीचं वापरता येतं, पण सगळीकडं पसरलं असेल तर चव गेलीच.

बाजारातनं बोंबील, सुकट आणली आणि त्यात बारीक केसाळ अळ्या किंवा काळे किडे दिसले तर परत द्या. दिसत नसले तरी आणल्यावर पिशवीत बंद करून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी असतील तर मरतात.

खारा बांगडा किती वेळ भिजवायचा? गरम पाण्यात की गार?

गार पाण्यात, आणि पाणी बदलून. गरम पाण्यानं वरचं मांस आकसतं, आतलं मीठ आतच राहतं आणि मासा चामट होतो.

आधी वाहत्या पाण्याखाली धुवा, पर आणि शेपूट कात्रीनं काढा, दोन-तीन तुकडे करा. मग भरपूर पाण्यात अर्धा-पाऊण तास, पाणी ओतून टाका, परत नवीन पाण्यात तेवढाच वेळ. जाड असेल तर तिसऱ्यांदा. एक बारीक तुकडा तोडून तव्यावर भाजून चाखा, पापडाएवढा खारट लागला तर झालं, रश्श्यात तो बरोबर बसतो.

पाणी बदलण्याचा फायदा किती ते बघा. समजा 200 ग्रॅम बांगड्यात 30 ग्रॅम मीठ आहे. 600 मिली पाण्यात एकदाच पूर्ण भिजू दिला तर मासा आणि पाणी दोन्हीकडं सारखंच मीठ होऊन थांबतं, म्हणजे साधारण 4 टक्के. तेच पाणी 300-300 असं दोनदा वापरलं तर शेवटी अडीच टक्क्यांच्या आत येतं. पाणी तेवढंच, खारटपणा जवळजवळ एक तृतीयांशानं कमी.

रात्रभर भिजत ठेवला तर?

बाहेर नको. मीठ निघून गेलं की त्याची राखणही गेली, तो आता ओला मासा आहे आणि ओल्या माशासारखाच नासणार. फार खारट असेल आणि वेळ द्यायचाच असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी लगेच शिजवा. भिजवलेला उरला तर परत वाळवायचा नाही.

बोंबील आणि सुकट पण असंच भिजवायचं का?

नाही, त्यात काढायला मीठच नसतं. बोंबलाचं डोकं, शेपूट, पर काढून तुकडे करा, तव्यावर कोरडे भाजा, मग कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, मऊ झाले की पिळून घ्या. जास्त ठेवले तर लगदा होतो.

सुकट भिजवूच नका. आधी चाळून माती-वाळू पाडा, मंद आचेवर खमंग भाजा, चुरचुरीत झाली की हातानं चोळून मिशा-पाय पाखडून टाका, मग दोन-तीन पाण्यातनं झटपट काढा. वाळू तळाला बसते, म्हणून सुकट वरनं हातानं उचलायची, भांडं उपडं करायचं नाही.

रश्श्यात मीठ किती?

खाऱ्या बांगड्याला शेवटपर्यंत काहीच नाही. आपल्या कांदा-लसूण चटणीत पण मीठ असतंच, त्यामुळं चटणी, वाटण, आमसूल घालून एक उकळी आल्यावर चाखायचं आणि मगच ठरवायचं. वांगं किंवा बटाटा घातला तर तो बराच खार ओढून घेतो.

घरात बीपीचा पेशंट आहे, भिजवून दिला तर चालेल का?

भिजवून मीठ कमी होतं, जात नाही. वरच्या हिशोबात दोन पाण्यांनंतरही अडीच टक्क्यांच्या आसपास राहिलंच होतं. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं असेल तर त्यांच्यासाठी बिनमिठाचा बोंबील करा, घेताना विक्रेत्याला मीठ लावलंय का हे विचारून, आणि रश्श्यात मीठ आपल्या हातानं मोजून घाला.